शाहूपुरीतील कापड दुकानाची आग : जळालेल्या साठ्याची किंमत ढोबळ नफ्यावरून कशी ठरली

येथे मांडलेले प्रकरण अभ्यासासाठी रचलेले आहे. दुकान, त्याचे मालक आणि सर्व आकडे कल्पित आहेत, परंतु त्यातील अडचणी मात्र कोल्हापुरातल्या कोणत्याही कापड व्यापाऱ्याच्या हिशेबात सापडतील अशाच आहेत.

शाहूपुरीतील व्यापारी पेठेत साड्या आणि ड्रेस मटेरियलचे एक दुमजली दुकान आहे. खाली काउंटर आणि वरच्या मजल्यावर गोदाम, अशी त्याची मांडणी होती. २० ऑक्टोबर २०२४ च्या रात्री, म्हणजे दसरा होऊन गेल्यावर आणि दिवाळी दहा-बारा दिवसांवर आलेली असताना, वरच्या मजल्यावर शॉर्टसर्किट होऊन आग लागली. महापालिकेच्या अग्निशमन दलाने ती पहाटेपर्यंत विझवली. वरचा माल जवळपास सगळा जळाला, खालचा काही माल पाण्याने आणि धुराने खराब झाला, आणि मागच्या खोलीतील थोडा माल शाबूत राहिला. संगणक जळाला, चालू बिलबुकेही जळाली.

विमा कंपनीने नेमलेले सर्व्हेअर दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावर गेले, तेव्हा रॅकवर दोन प्रकारचे अवशेष होते. सुती मालाची नुसती राख झाली होती, तर पॉलिस्टरच्या साड्या वितळून काळ्या, कडक वड्यांसारख्या एकमेकींना चिकटल्या होत्या आणि त्यांच्या घड्यांच्या कडा अजून मोजता येत होत्या. अशा अवशेषांचा उपयोग मर्यादित असतो. कोणत्या रॅकवर माल होता, तो कोणत्या उंचीपर्यंत रचलेला होता आणि रिकामे रॅक भरलेले म्हणून दाखवले जात आहेत का, एवढे त्यांवरून कळते. साडी पाचशेची होती की पाच हजारांची, हे त्यांवरून कळत नाही. म्हणून किंमत ठरवण्यासाठी मोजदाद सोडून हिशेबाकडे वळावे लागते, आणि दररोजचा साठा नगवार नोंदवण्याची पद्धत दुकानात नसेल तर हातात उरते ती ढोबळ नफ्याची पद्धत.

पद्धतीचा गाभा दोन ओळींत सांगता येतो. वर्षाच्या सुरुवातीचा साठा आणि आगीच्या दिवसापर्यंतची खरेदी यांची बेरीज म्हणजे विक्रीसाठी उपलब्ध झालेला माल. त्यातून विकल्या गेलेल्या मालाची खरेदी किंमत वजा केली की जो उरतो तो आगीच्या दिवशीचा साठा. विकलेल्या मालाची खरेदी किंमत थेट माहीत नसते, म्हणून विक्रीतून नेहमीच्या दराने ढोबळ नफा वजा करून ती काढायची. हे गणित शाळकरी मुलालाही जमेल. दाव्याचे खरे काम असते ते नफ्याचा दर स्वच्छ करणे आणि आगीच्या रात्री दुकानाच्या चार भिंतींच्या आत नेमके काय होते याची रेषा आखणे, या दोन गोष्टींत.

नफ्याचा दर

मागील तीन वर्षांची व्यापार खाती सनदी लेखापालांच्या कार्यालयात सुरक्षित होती. २०२१-२२ मध्ये विक्री १ कोटी ४२ लाख आणि ढोबळ नफा २१ लाख ३० हजार, म्हणजे विक्रीवर १५ टक्के होता. २०२२-२३ मध्ये विक्री २ कोटी आणि नफा ४३ लाख ६० हजार, म्हणजे २१.८ टक्के. २०२३-२४ मध्ये विक्री २ कोटी २५ लाख आणि पुस्तकी नफा ४७ लाख, म्हणजे २०.८९ टक्के. तिन्हींची सरासरी काढून मोकळे होण्याचा मोह अशा वेळी होतो, पण येथे ती सरासरी काहीच सांगत नाही.

पहिले वर्ष जुलै २०२१ च्या महापुराचे आहे. त्या वेळी शाहूपुरीच्या सखल भागात पंचगंगेचे पाणी शिरले होते, दुकानातला भिजलेला माल मिळेल त्या भावाने काढावा लागला आणि त्याआधी एप्रिल-मेमध्ये टाळेबंदीच्या निर्बंधांमुळे लग्नसराईचा हंगामही हातचा गेला होता. अशा वर्षाचा दर पुढच्या वर्षांच्या विक्रीला लावणे म्हणजे पुरात एकदा झालेले नुकसान पुन्हा व्यापाऱ्याच्या माथी मारणे होय. सर्व्हेअरांनी ते वर्ष बाजूला ठेवले आणि तसे करण्याचे कारण अहवालात लिहिले. कारण न लिहिता एखादे वर्ष गाळले, तर पुढे कोणीही त्यावर बोट ठेवू शकते.

२०२३-२४ चा दर आदल्या वर्षापेक्षा सुमारे एका टक्क्याने घसरलेला का, याचा शोध घेताना कारण विक्रीत नव्हे तर अखेरच्या साठ्यात सापडले. ३१ मार्च २०२४ रोजीचा साठा पुस्तकात ५६ लाखांचा होता. त्यात जुन्या डिझाइनच्या, घड्यांवर पिवळट पडलेल्या काही साड्या होत्या. त्यांची खरेदी किंमत ५ लाख होती, पण त्या निम्म्या भावातच जातील हे ओळखून लेखापालांनी त्या २ लाख ५० हजारांना दाखवल्या होत्या. साठा खरेदी किंमत किंवा विकून पदरात पडेल ती किंमत, यांपैकी जी कमी असेल त्या किमतीने दाखवायचा, या नियमाप्रमाणे ते योग्यच होते. मात्र त्यामुळे अडीच लाखांचा तोटा त्या वर्षीच्या ढोबळ नफ्यातून वजा झाला, आणि नेहमीच्या मालावर दुकान किती कमावते हे सांगणारा दर खाली आला. हे अडीच लाख परत मिळवले की नफा ४९ लाख ५० हजार होतो आणि दर २२ टक्के येतो. आदल्या वर्षीच्या २१.८ टक्क्यांशी तो जुळतो. चालू वर्षातील खरेदीची बिले आणि सप्टेंबरपर्यंतची विक्री बिले नमुन्यादाखल ताडून पाहिली असता साड्यांवरील मार्जिनमध्ये फरक पडल्याचे दिसले नाही, म्हणून २२ टक्के हा दर कायम करण्यात आला.

हे २२ टक्के विक्रीवरचे आहेत, हे विसरून चालणार नाही. व्यापारी बोलताना बहुधा खरेदीवर किती चढवतो ते सांगतो, आणि ७८ रुपयांची वस्तू १०० रुपयांना विकणारा दुकानदार खरेदीवर सुमारे २८ टक्के चढवत असतो. दोन्ही बरोबर असतात, पण तोंडी सांगितलेला २८ चा आकडा विक्रीला लावला तर साठा काही लाखांनी फुगतो.

आगीच्या रात्री दुकानात काय होते

१ एप्रिल २०२४ पासूनची खरेदी-विक्री मिळवण्यासाठी जळालेल्या संगणकाची गरज पडली नाही. दिवाणजी दर पंधरवड्याला टॅलीचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घेऊन घरी नेत असत, आणि शेवटचा बॅकअप १५ ऑक्टोबरचा होता. तो जीएसटी पोर्टलवरील GSTR-1 मधील विक्री आणि GSTR-2B मधील खरेदीशी पडताळून पाहता आला. ऑक्टोबरमधील खरेदी GSTR-2B मध्ये दिसण्यासाठी १४ नोव्हेंबरपर्यंत थांबावे लागले, पण ते थांबणे उपयोगी पडले, कारण ही माहिती पुरवठादारांनी भरलेली असते आणि दुकानदाराला तीत मागाहून हात घालता येत नाही.

बॅकअप आणि मागाहून मिळालेल्या बिलांप्रमाणे करविरहित खरेदी १ कोटी १२ लाख होती. हा आकडा जसाच्या तसा घेता आला नाही. सुरतेच्या एका व्यापाऱ्याचे १८ ऑक्टोबरचे ४ लाखांचे बिल ईमेलने आले होते आणि दिवाणजींनी ते घरच्या लॅपटॉपवर खरेदीत नोंदवलेही होते. मात्र बिल्टी मागितल्यावर असे दिसले की तो माल २० तारखेला ट्रान्सपोर्टच्या गोदामात पडून होता आणि त्याची डिलिव्हरी घेतलेलीच नव्हती.

यावरून सर्व्हेअर आणि मालक यांच्यात थोडा वाद झाला. मालक म्हणाले, "साहेब, बिल माझ्या नावावर आहे, पैसे मलाच द्यायचे आहेत, मग माल माझा नाही का?" सर्व्हेअर म्हणाले, "माल तुमचाच आहे शेठ, पण तो जळालेला नाही. उद्या जाऊन सोडवून आणा."

मालकी कोणाची हा प्रश्न येथे गौण आहे. पॉलिसी दुकानाच्या पत्त्यावरील साठ्यापुरती आहे, म्हणून त्या पत्त्यावर पोहोचलेला माल तेवढाच मोजायचा. हीच कसोटी उलट्या बाजूनेही लागली. इचलकरंजीहून १९ तारखेला आलेला १ लाख ६० हजारांचा माल आगीच्या आदल्या दिवशीच वरच्या मजल्यावर चढवला होता, पण त्याचे बिल नोंदवायचे राहिले होते. ई-वे बिल आणि ट्रान्सपोर्टकडील सहीची पोच पाहून तो खरेदीत मिळवण्यात आला. आपल्या विरुद्ध जाणारी दुरुस्ती करणाऱ्या सर्व्हेअरने आपल्या बाजूची दुरुस्तीही तितक्याच आस्थेने केली, हे मालकांना तेव्हा पटले.

याशिवाय, ऑगस्टपूर्वी घेतलेले पुतळे आणि स्टँड यांचे १ लाख रुपये चुकून खरेदी खात्याला पडले होते, आणि मालकांच्या घरच्या लग्नासाठी नेलेल्या ६० हजारांच्या साड्यांची उचल दाखवलेली नव्हती. हे दोन्ही वजा केले. अशा रीतीने खरेदी १ कोटी ८ लाख ठरली आणि आवक वाहतुकीचे दीड लाख मिळवून ती १ कोटी ९ लाख ५० हजार झाली.

विक्रीची बाजू अधिक नाजूक असते, कारण विक्रीतले एक लाख दाखवायचे राहिले तर हिशेबात ७८ हजारांचा असा साठा तयार होतो जो प्रत्यक्षात कधीचाच गिऱ्हाइकांच्या घरी गेलेला असतो. १५ ऑक्टोबरपर्यंतची विक्री बॅकअपप्रमाणे १ कोटी ३१ लाख होती. १६ ते २० तारखेची बिले जळाली होती. त्या पाच दिवसांचे यूपीआयचे जमा २ लाख १० हजार, कार्डाचे ६५ हजार आणि बँकेत भरलेली व गल्ल्यात सापडलेली रोख १ लाख ४५ हजार, मिळून ४ लाख २० हजार आले. दिवाळीच्या पंधरवड्यात हे दुकान उधारी बंद ठेवत असे, म्हणून यात आणखी भर घालण्याची गरज नव्हती. साड्यांवरील ५ टक्के जीएसटी काढून टाकला की करविरहित विक्री ४ लाख राहते. रोख रक्कम कमी तर दाखवलेली नाही ना, हे पाहण्यासाठी सर्व्हेअरांनी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यातील रोखीचे प्रमाण काढले. ते ३५ टक्क्यांच्या आसपास होते आणि या पाच दिवसांतही तेवढेच पडले. एकूण विक्री अशा प्रकारे १ कोटी ३५ लाख झाली.

त्यातून एक वजावट करावी लागली. आषाढ सेलमध्ये दुकानाने त्या जुन्या पिवळट साड्यांपैकी ३ लाखांच्या खरेदीचा माल दीड लाखाला काढला होता. या विक्रीवर २२ टक्के नफा झाला असे मानणे हास्यास्पद ठरले असते. म्हणून जुना माल हिशेबाच्या वेगळ्या रकान्यात ठेवला: सुरुवातीला तो २ लाख ५० हजारांचा होता, त्यातील दीड लाखाचा तेवढ्यालाच विकला गेला, आणि १ लाखाचा उरला. सेलमध्ये निम्म्या भावानेच तो गेला, त्यामुळे उरलेल्या मालाला निम्मी किंमत लावणे योग्य होते याचा पुरावाही आपोआप मिळाला. मालकांची अपेक्षा या मालाची मूळ खरेदी किंमत, म्हणजे २ लाख रुपये मिळावेत अशी होती. पण विमा हा आगीपूर्वी हातात असलेल्या किमतीची भरपाई करतो, वर्षापूर्वी झालेल्या तोट्याची नाही.

नेहमीच्या मालाचे तात्पुरते व्यापार खाते मग असे झाले. आकडे लाख रुपयांत आहेत.

| तपशील | रक्कम |
|---|---|
| १ एप्रिल २०२४ चा साठा (जुना माल वगळून) | ५३.५० |
| दुरुस्त खरेदी व आवक वाहतूक | १०९.५० |
| विक्रीसाठी उपलब्ध माल | १६३.०० |
| विक्री (जुना माल वगळून) | १३३.५० |
| वजा : २२ टक्के ढोबळ नफा | २९.३७ |
| विकलेल्या मालाची खरेदी किंमत | १०४.१३ |
| आगीच्या दिवशीचा साठा | ५८.८७ |

हा साठा व्यापाऱ्याच्या मालकीचा असला तरी सगळा दुकानात नव्हता. गडहिंग्लजच्या एका किरकोळ दुकानदाराकडे १ लाख २० हजारांच्या खरेदी किमतीच्या साड्या जांगड दिलेल्या होत्या. पसंत पडतील तेवढ्या तो ठेवून घेणार आणि बाकीच्या परत करणार, असा व्यवहार असल्यामुळे त्यांचे विक्री बिल झालेले नव्हते. जांगडवही जळाली होती, पण चिठ्ठीची दुसरी प्रत त्या दुकानदाराकडे होती. जांगड मालाकडे लक्ष न जाणे ही या पद्धतीतील नेहमीची गफलत आहे, कारण हिशेबाच्या कोणत्याच खात्यात तो दिसत नाही आणि सूत्र त्याला मुकाट्याने जळालेल्या मालात धरते. तो वजा करून आणि १ लाखाचा जुना माल मिळवून दुकानातील साठा ५८ लाख ६७ हजार निघाला.

आकडा खरा वाटतो का

असा आकडा निघाल्यावर तो दुसऱ्या वाटेने तपासायचा असतो. आगीपूर्वीच्या २०३ दिवसांत विकलेल्या मालाची खरेदी किंमत दिवसाला सरासरी ५१ हजारांच्या थोडी वर होती, म्हणजे ५८.८७ लाखांचा साठा सुमारे ११५ दिवसांच्या विक्रीइतका भरतो. ३१ मार्च २०२४ चा जुना माल वगळलेला साठा २०२३-२४ च्या विक्रीवर त्याच मापाने सुमारे ११२ दिवसांचा होता. दिवाळीच्या तोंडावर साठा किंचित वाढलेला असणे स्वाभाविकच आहे. हेच उत्तर १६० दिवस आले असते, तर कोठेतरी विक्री सुटली आहे असे समजून पुन्हा मागे जावे लागले असते.

बँकेला दिलेल्या स्टॉक स्टेटमेंटने मात्र अडचण उभी केली. दुकानाला साठ्याच्या तारणावर कॅश क्रेडिट कर्ज होते आणि ३० सप्टेंबरच्या स्टेटमेंटमध्ये साठा ६८ लाख ३५ हजार दाखवला होता. ऑक्टोबरची १४ लाखांची खरेदी वजा करून आणि त्या वीस दिवसांच्या २२ लाखांच्या विक्रीची खरेदी किंमत, म्हणजे १७ लाख १६ हजार, परत मिळवून मागे गेले असता ३० सप्टेंबरचा साठा जुन्या मालासह ६३ लाख ३ हजार येत होता. फरक ५ लाख ३२ हजारांचा होता. मालकांचे म्हणणे होते की बँकेने मान्य केलेला आकडाच धरावा. पण बँकेने तो मान्य केला याचा अर्थ तेवढाच की त्या कागदावर उचल मर्यादा ठरली. कोणीही माल मोजला नव्हता.

दिवाणजींकडून ते स्टेटमेंट कसे तयार झाले हे समजून घेतल्यावर फरकाचा उलगडा झाला. ते दर महिन्याला सगळ्या विक्रीवर, आषाढ सेलसकट, सरसकट २५ टक्के नफा धरून साठा काढत. त्यामुळे ३ लाख ७२ हजारांचा माल जास्त दिसला. उरलेले १ लाख ६० हजार पुतळ्यांचे आणि घरच्या साड्यांचे होते, जे खरेदीतून वजा झाले नव्हते. फरकाचा पै न् पैचा हिशेब लागल्यामुळे स्टेटमेंट बाजूला ठेवता आले. तो लागला नसता, तर साठ्याचे दोन परस्परविरोधी आकडे स्वतःच्या सहीने देणाऱ्या व्यापाऱ्याचा दावा बराच काळ अडकून पडला असता.

या पद्धतीची एक मर्यादा मात्र कायम राहते. २२ टक्के हा सगळ्या मालाचा मिळून दर आहे. लग्नाच्या भारी साड्यांवर मार्जिन जास्त आणि ड्रेस मटेरियलवर कमी असते. चालू वर्षात भारी साड्यांचा वाटा वाढला असेल तर खरा दर २२ पेक्षा अधिक असेल आणि साठा थोडा जास्त असेल. खरेदी बिलांवरून प्रकारवार प्रमाण पाहता असा बदल दिसला नाही. दर एका टक्क्याने सरकला की या विक्रीवर साठा १ लाख ३३ हजारांनी सरकतो, एवढी या उत्तराची लवचीकता आहे आणि ती अहवालात स्पष्ट लिहिलेली बरी.

दावा आणि सरासरीचे कलम

मागच्या खोलीत शाबूत राहिलेल्या मालाची खरेदी किंमत ६ लाख ४० हजार होती. पाण्याने आणि धुराने खराब झालेला माल ८ लाखांच्या खरेदीचा होता. त्यासाठी निविदा मागवल्यावर सर्वाधिक बोली १ लाख ९० हजारांची आली. म्हणून नुकसान ५८.६७ मधून ६.४० आणि १.९० वजा करून ५० लाख ३७ हजार ठरले.

साठ्याचा विमा मात्र ४५ लाखांचाच होता. एखाद्या ठिकाणची विमायोग्य मालमत्ता ५ कोटींपर्यंत असलेल्या लहान व्यवसायांसाठी १ एप्रिल २०२१ पासून उपलब्ध असलेल्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ या पॉलिसीत विमा रकमेची १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ होते. दुकानाची पॉलिसी तीच होती. येथे विमा साठ्याच्या ७६.७ टक्के होता, म्हणजे तूट २३.३ टक्के होती. मर्यादा ओलांडल्यामुळे सरासरीचे कलम, म्हणजे साठ्याच्या जितक्या हिश्श्याचा विमा असेल तितकाच नुकसानीचा हिस्सा देणारे कलम, लागू झाले आणि दावा असा निघाला: ५०.३७ गुणिले ४५ भागिले ५८.६७, म्हणजे ३८ लाख ६३ हजार. पॉलिसीतील ठरलेली वजावट यातून आणखी जाते.

नुकसान ५० लाखांचे आणि विमा ४५ लाखांचा, तर निदान ४५ लाख मिळावेत, असे मालकांना वाटणे साहजिक होते. परंतु आपल्या साठ्यापैकी सुमारे चौथा हिस्सा त्यांनी विम्याबाहेर ठेवला होता, आणि त्या हिश्श्यापुरते तेच स्वतःचे विमेकरी ठरले.

या ठिकाणी नफ्याच्या दराचे महत्त्व कसे बदलते ते पाहण्यासारखे आहे. दुरुस्ती न केलेला २०.८९ टक्के हा पुस्तकी दर घेतला असता, तर साठा ५७ लाख १९ हजार, नुकसान ४८ लाख ८९ हजार आणि दावा ३८ लाख ४७ हजार आला असता. साठ्यात दीड लाखाच्या जवळपास फरक, पण दाव्यात फक्त १६ हजारांचा. नुकसान जवळपास सगळ्या साठ्याचे असेल आणि सरासरीचे कलम लागत असेल, तर साठा वाढवून सांगितल्याने हाती फारसे काही लागत नाही, कारण साठा वाढला की तूटही वाढते. साठा फुगवून दाखवण्याचा सल्ला देणारे हितचिंतक अशा वेळी भेटतात. त्यांनी हे गणित केलेले नसते.

आता हाच विमा ५० लाखांचा होता असे समजू. तूट १४.८ टक्के, म्हणजे माफीच्या आत. सरासरी लागत नाही आणि विमा रकमेच्या मर्यादेत पूर्ण ५० लाख मिळतात. पाच लाखांच्या जादा विम्याने दावा ११ लाख ३७ हजारांनी वाढतो. पण त्याच पॉलिसीवर ढोबळ नफ्याचा दर २२ ऐवजी २२.२ टक्के धरला, तर साठा ५८ लाख ९४ हजार होतो, तूट १५ टक्क्यांच्या किंचित पलीकडे जाते, संपूर्ण तुटीवर सरासरी लागते आणि दावा ४२ लाख ९६ हजारांवर येतो. दराच्या दोन दशांशांवरून सात लाखांचा फरक पडतो. म्हणून विमा रक्कम माफीच्या रेषेजवळ असेल, तेव्हा दर सोयीस्करपणे पूर्णांकात धरणे दोन्ही पक्षांना महागात पडू शकते, आणि दर काढताना वापरलेली प्रत्येक दुरुस्ती कागदासह अहवालाला जोडावी लागते.

राहिला जीएसटीचा प्रश्न. केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १७(५)(h) नुसार नष्ट झालेल्या मालाच्या खरेदीवर भरलेल्या कराचे घेतलेले इनपुट क्रेडिट परत करावे लागते. पूर्ण जळालेला माल सुमारे ४४ लाखांचा असल्याने हा बोजा २ लाख २० हजारांच्या आसपास होता. पण विमा रक्कम ठरवताना साठा करविरहित धरला होता, त्यामुळे ही रक्कम दाव्यात आली नाही. ती मागायची असेल तर विमा उतरवतानाच साठा करासह दाखवावा लागतो, आणि मग तूट मोजतानाही तोच पाया धरला जातो.

पुस्तकात ५० लाख ३७ हजारांचे नुकसान व्यापार खात्याच्या जमा बाजूला आगीने गेलेला माल म्हणून घेण्यात आले, त्यातील ३८ लाख ६३ हजार विमा कंपनीकडून येणे म्हणून दाखवले, आणि ११ लाख ७४ हजार नफा-तोटा खात्याला गेले. साठा बँकेकडे तारण असल्यामुळे पॉलिसीवर बँकेचे नाव होते. दाव्याची रक्कम थेट कॅश क्रेडिट खात्यात जमा झाली, आणि तीतून नव्या मालासाठी किती उचल द्यायची हे ठरवण्याआधी बँकेने त्या महिन्यापासून साठ्याची प्रत्यक्ष मोजदाद मागितली.